एमएलसी, जबाब आणि कलम ३०९: भावाच्या आजारपणातले कागद

भावाने आत्महत्येचा प्रयत्न केला होता, तो वाचला, आणि हे लिही असं त्यानेच सांगितलं. त्या दिवसांत आम्ही मोबाईलवर शोधत होतो तेव्हा एकतर वकिलांच्या जाहिराती यायच्या नाहीतर कलमांचा इंग्रजी मजकूर. हॉस्पिटलच्या खिडकीवर नेमकं काय होतं, पोलीस कधी येतात, काय विचारतात, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. त्याने नेमकं काय केलं ते मात्र इथे लिहिणार नाही, त्याचा कुणाला उपयोग नाही. हॉस्पिटल, कंपनी यांची नावंही ठेवलेली नाहीत.

जानेवारी २०२४. भाऊ तेव्हा एकोणतीस वर्षांचा, चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. दोन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचा. मी सांगलीला. रात्री साडेअकराच्या सुमारास त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला, "ताई, तुम्ही निघा." मी, आई आणि मामा मिळेल त्या गाडीने निघालो. वाटेत दुसरा फोन आला की जवळच्या छोट्या दवाखान्याने "पोलीस केस आहे, मोठ्या हॉस्पिटलात न्या" म्हणून दारातूनच परत पाठवलं आणि मित्रांनी रिक्षातून त्याला मोठ्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. असं परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खाजगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. पण रात्री बाराला रिक्षात बसून निकाल कोण दाखवणार? तुमच्यावर वेळ आली तर वाद घालत थांबू नका, १०८ ला फोन लावा.

आम्ही पोचलो तेव्हा पहाट होत होती. कॅज्युअल्टीच्या खिडकीशी मामाने मला बाजूला घेतलं. "चुकून झालं म्हणायचं. पोरांनाही तसंच सांगितलंय. नाहीतर ३०९ लागेल, जन्माची नोकरी जाईल." मामा एसटीत कंडक्टर होता. त्याच्या डेपोतल्या एकाच्या मुलावर वीस वर्षांपूर्वी कलम ३०९ चा, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाचा, गुन्हा दाखल झाला होता आणि तो मुलगा बरा झाल्यावर तारखांना जात राहिला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे त्याचा सल्ला मूर्खपणाचा नव्हता, त्याच्या काळाचा होता.

केसपेपरवर एक ओळ असते, 'हकीकत सांगणारा' आणि त्यापुढे हकीकत. तिथे मित्रांनी सांगितलेलं "अपघाताने" असं लिहिलेलं होतं. ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने, असेल पंचवीस-सव्वीसची, मला आत बोलावलं आणि दार लोटून विचारलं, "मॅडम, हे खरं आहे का? मला किती, कधी, कशामुळे हे कळलं नाही तर मी चुकीच्या गोष्टीवर लक्ष ठेवून बसेन. आणि अपघात लिहिला तर मला मानसोपचारतज्ज्ञांना बोलावण्याचं कारणच उरत नाही. तो घरी जाईल आणि परत येईल." मी खरं सांगितलं. तिने ती ओळ खोडली नाही. खाली नवी नोंद केली, वेळ टाकली, सही केली. तासाभरात वेगळ्या तपासण्या गेल्या आणि त्याला आयसीयूत हलवलं.

या विषयावर माझं जे काही मत झालंय ते त्या दोन ओळींमधून झालंय. कलम ३०९ खाली तुरुंगात गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही, तुमच्याही नसेल. पण त्या कलमाच्या धाकाने खिडकीवर "चुकून" सांगणारी घरं किती असतील? आणि "चुकून" लिहिलं की तपासणी, निदान, पुढची देखरेख, सगळंच चुकीच्या रुळावर जातं.

आता एमएलसी. हा शब्द ऐकला की घरचे घाबरतात, म्हणून सविस्तर सांगते. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. अपघात, मारहाण, विषबाधा, भाजणं, असं काही आलं की हॉस्पिटल एका रजिस्टरात नोंद करतं, केसपेपरवर त्या नोंदीचा नंबर पडतो आणि हद्दीतल्या पोलीस चौकीला कळवलं जातं. ही नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, एफआयआरही नव्हे. ती टाळण्यासाठी डॉक्टरांच्या विनवण्या करण्यात अर्थ नाही, त्यांना ती करावीच लागते. तिच्यामागे एक रास्त कारणही आहे: माणसाला दुसऱ्या कुणी इजा केली नाही ना, किंवा त्याला कुणी या टोकाला ढकललं नाही ना, हे पाहायला कुणीतरी हवं. एमएलसी नंबरचा फोटो काढून ठेवा, पुढे प्रत्येक जण तो विचारतो.

दुपारी चौकीतून हवालदार आले. पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं. आधी डॉक्टरांकडे गेले. रुग्ण जबाब द्यायच्या स्थितीत आहे की नाही हे डॉक्टरांनी लेखी द्यायचं असतं आणि डॉक्टरांनी 'सध्या सक्षम नाही' असं लिहून दिलं. मग ते माझ्याजवळ आले. मी थेटच विचारलं, "३०९ लावणार का?"

"ताई, कलम पुस्तकात आहे अजून," ते म्हणाले. "पण आता आम्ही सहसा लावत नाही. डॉक्टरांचं काही लेखी असेल तर बरं पडतं, साहेबांना दाखवता येतं."

संध्याकाळी मी सांगलीच्या आतेभावाला फोन केला, तो वकिली करतो. त्याने जे सांगितलं ते सोप्या भाषेत असं. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न: एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून नोंदवता येणारा, पण जामीनपात्र. हे कलम तसंच ठेवून त्याच्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने झाकण घातलं. तो कायदा लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याचं कलम ११५ म्हणतं की ३०९ मध्ये काहीही असलं तरी, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध झालं नाही तोवर, आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग सरकारवर कर्तव्य टाकतो, की अशा व्यक्तीला काळजी, उपचार आणि पुनर्वसन द्यायचं, जेणेकरून पुन्हा तसं घडण्याचा धोका कमी होईल.

"मग पोलीस येतात कशाला?" आईचा प्रश्न. आतेभाऊ म्हणाला, "मामी, खटला नाही म्हटलंय, नोंद करू नका असं म्हटलेलं नाही." एवढ्याशा फटीमुळे २०१८ नंतरही ठाण्यागणिक वेगवेगळी पद्धत होती. कुठे नुसती डायरीत नोंद, कुठे एफआयआर होऊन मग उच्च न्यायालयात तो रद्द करून घ्यायची धावपळ.

आयसीयूबाहेर बसायला लोखंडी खुर्च्या होत्या आणि झोप येत नव्हती, तेव्हा मी या कलमाचा इतिहास वाचून काढला. त्यातला महाराष्ट्राचा भाग मला ठाऊकच नव्हता. मारुती श्रीपती डुबल नावाचे मुंबई पोलिसांतले एक शिपाई होते. अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर त्यांना मानसिक आजार जडला होता, उपचार चालू होते. १९८५ मध्ये पत्नीच्या भाजीच्या गाळ्याच्या परवानगीसाठी ते महापालिका आयुक्तांकडे गेले, भेट झाली नाही, आणि तिथेच त्यांनी प्रयत्न केला. वाचले, आणि ३०९ खाली आरोपी झाले. त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाचा युक्तिवाद मला आयसीयूबाहेर बसून अगदी व्यवहारी वाटला: शिक्षेचा हेतू धाक बसवणं असेल तर ज्याने मरायचं ठरवलंय त्याला वर्षभराच्या कैदेचा धाक कसला? आणि जो मानसिक आजारामुळे तिथवर गेला त्याला उपचार हवेत, कोठडीत टाकलं तर तो आणखी बिघडेल.

मग सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात असाच निकाल दिला आणि दोनच वर्षांत, १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो फिरवला. तो खटला मुळात आत्महत्येला प्रवृत्त केल्याबद्दलच्या शिक्षेचा होता. प्रयत्नच गुन्हा नसेल तर प्रवृत्त करणं गुन्हा कसा, असं आरोपींचं म्हणणं होतं. घटनापीठ म्हणालं, जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, ३०९ वैध आहे. ते वाचून मी आधी चिडले, मग लक्षात आलं की कोर्ट एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं. 'मरण्याचा हक्क आहे का' याला 'नाही' म्हणूनही, वाचलेल्या माणसाला आरोपी करायचं नाही असं ठरवता येतं. विधी आयोगाने १९७१ मध्येच कलम काढा म्हटलं होतं. १९७८ मध्ये राज्यसभेने ते काढणारं विधेयक मंजूरही केलं, पण लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. २००८ च्या अहवालात आयोगाने पुन्हा तेच सांगितलं. ११५ ने शेवटी हक्काचा वाद बाजूला ठेवून तणावाचं गृहीतक धरलं, म्हणजे प्रश्न न्यायालयाकडून डॉक्टरकडे सरकवला.

तर जबाब. भाऊ वॉर्डात आल्यावर हवालदार परत आले. डॉक्टरांनी 'सक्षम' लिहून दिलं आणि त्याबरोबर माझ्या विनंतीवरून दोन ओळींचं पत्र दिलं: रुग्ण तीव्र तणावाखाली असून मानसोपचार सुरू आहेत, मानसिक आरोग्यसेवा कायदा कलम ११५. हे पत्र मागून घ्या. डॉक्टर आपण होऊन देतीलच असं नाही, पण मागितल्यावर आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही.

जबाबात नाव, वय, शिक्षण, कुठे राहतो, कोणाबरोबर, मग घटना, आणि मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "कुणाचा त्रास होता का? कुणावर संशय?" हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. कुणाचं नाव घेतलं तर त्याची चौकशी सुरू होऊ शकते. भावाने सुपरवायझरचं नाव घेतलं, मग थांबला, म्हणाला, "त्यांच्यामुळे नाही. मला महिनाभर झोपच नव्हती, डोकं चालत नव्हतं." हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "घाई नाही. त्रास असेल तर लिहितो, नसेल तर नको. उगाच कुणाला वाचवूही नकोस आणि अडकवूही नकोस." शेवटी 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं त्याच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं. सही करण्याआधी पूर्ण जबाब वाचून दाखवायला सांगा. आमच्यात एका ठिकाणी 'नैराश्यातून' ऐवजी 'रागाच्या भरात' असं आलं होतं, ते बदलून घेतलं. त्या दोन शब्दांत किती फरक आहे हे ११५ वाचल्यावर कळतं.

हॉस्पिटलच्या गेटवर एक गृहस्थ भेटले. त्यांना आमचा एमएलसी नंबर कसा कळला देव जाणे. "पंचवीस हजारात ३०९ मिटवून देतो." गुन्हाच नोंदलेला नाही तर मिटवायचं काय, असं विचारल्यावर ते पुढच्या नातेवाइकांकडे गेले.

खर्चाचं सांगते. आयसीयू आणि वॉर्ड मिळून बिल एक लाख चाळीस हजारांच्या आसपास झालं. कंपनीचा गटविमा होता. विम्याच्या मधल्या कंपनीने आधी एफआयआरची प्रत मागितली. एफआयआर झालेलाच नाही हे समजावण्यात बराच वेळ गेला, शेवटी एमएलसीची प्रत चालली. मग पॉलिसीत स्वतःहून करून घेतलेली इजा वगळलेली आहे म्हणून दावा नाकारला. ते पैसे आम्ही भरले, आईची एक एफडी मोडली. मानसोपचाराच्या भरतीचा दावा मात्र वेगळा टाकला, वेगळ्या डिस्चार्ज कार्डासह, आणि त्यातला बराचसा मिळाला. त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायचा. म्हणून दोन उपचारांची दोन बिलं, दोन कार्डं करून घ्या. पैशांची ओढाताण असेल तर महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते.

मानसोपचाराच्या भरतीलाही घरी विरोध झाला, "वेड्यांच्या दवाखान्यात" वगैरे. प्रत्यक्षात तो स्वतःच्या सहीने दाखल झाला. कायद्यात याला स्वतंत्र प्रवेश म्हणतात, अशा रुग्णाला उपचार समजावून त्याची संमती घ्यावी लागते. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून त्याने माझं नाव दिलं, साध्या कागदावर, सही करून. निदान तीव्र नैराश्याचं झालं. डॉक्टरांनी मला आणि आईला वेगळं बसवून सांगितलं की डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सगळ्यात धोक्याचे असतात. आधी एकदा प्रयत्न झालेला असणं हा मोठा धोका, आणि घरी परतल्यावर हॉस्पिटलची देखरेख संपलेली असते. गोळ्या आठवड्याच्याच मिळायच्या, त्या माझ्याकडे. धोक्याचं काही घरात हाताशी राहणार नाही हे पाहायचं. एकट्याने राहायचं नाही. आणि "पुन्हा तसे विचार येतात का?" हे सरळ विचारायचं, विचारल्याने विचार येत नाहीत.

नेमका त्याच आठवड्यांत दुसऱ्या पोलीस ठाण्यातून फोन आला. हॉस्पिटलची हद्द एका ठाण्याची, खोलीची दुसऱ्या. पहिल्या चौकीने कागद तिकडे वर्ग केले होते. "जबाब पूर्ण करायला यावं लागेल." भाऊ त्या दिवशी जेवला नाही. रात्री म्हणाला, "ताई, मी वाचलो म्हणून हे सगळं होतंय ना?"

शिक्षेचा धाक चालत नाही हे कोर्टांनी सांगितलंच आहे. त्यापलीकडची गोष्ट मला तेव्हा दिसली. पोलिसांची कागदपत्रं पुढे सरकायला जो वेळ लागतो, दोन-चार आठवडे, तोच काळ रुग्णासाठी सगळ्यात नाजूक असतो. समन्स, चौकीचा बाक, शेजाऱ्यांसमोर दारात उभा राहणारा शिपाई, हे सगळं बरोब्बर तेव्हाच येऊन आदळतं. कुणाचा दुष्टपणा नसतानाही आदळतं.

मी एकटी गेले. जबाबाची प्रत, डॉक्टरांचं पत्र, आणि तो प्रवास करण्याच्या स्थितीत नाही असं नवं प्रमाणपत्र नेलं. तिथल्या उपनिरीक्षक बाईंनी पत्र दोनदा वाचलं, संगणकावर ११५ काढून पाहिलं, आणि डायरीत नोंद करून प्रकरण बंद केल्याचं तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर "तशी पद्धत नाही" असं उत्तर. मी तारीख, ठाण्याचं नाव आणि त्यांचं पद वहीत लिहून ठेवलं.

कंपनीच्या एचआरने डिस्चार्ज कार्ड मागितलं. दिलं नाही. मानसिक आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडून फक्त 'या तारखेपासून या तारखेपर्यंत उपचाराधीन, आता कामास योग्य' एवढंच प्रमाणपत्र घेतलं. कुरकुर झाली, पण चाललं. तरी त्याने मे महिन्यात ती नोकरी सोडलीच.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३०९ सारखं कलम नाही. आतेभावाने त्या रात्री नुसता मेसेज केला, "गेलं एकदाचं." पूर्ण गेलेलं नाही. कलम २२६ आहे: सरकारी नोकराला त्याचं कायदेशीर काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. कलेक्टर कचेरीसमोर निराश होऊन उभा राहिलेला माणूस यात येऊ शकतो. आयुक्तांच्या दारातले डुबल आज असते तर त्यांचं काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही. प्रवृत्त करण्याचा गुन्हाही कायम आहे, आता कलम १०८, आणि तो असायलाच हवा. एमएलसी आणि जबाबही होणारच, तेव्हा 'कायदा बदलला, पोलीस येणार नाहीत' अशा समजुतीत राहू नका. ११५ च्या दुसऱ्या भागाचं, सरकारने काळजी घेण्याचं, तर आम्हाला काहीच दिसलं नाही. पोलिसांचे फोन आले, आरोग्य खात्याचा एकही आला नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. भावाने एकदा रात्री तीनला तो लावला होता हे मला पुष्कळ नंतर कळलं.

२०२५ च्या सुरुवातीला सांगलीजवळच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि त्यांनी पोलीस पडताळणीचा दाखला मागितला. मामाचा चेहरा पुन्हा उतरला. ऑनलाइन अर्ज केला. 'आपणावर गुन्हा दाखल आहे का' या रकान्यात 'नाही' लिहिलं, कारण खरंच नव्हता. मी ती वही जवळ ठेवली होती. ठाण्यात बोलावलं, पत्त्याचे पुरावे पाहिले, सांगली आणि चिंचवड दोन्हीकडचं विचारलं. दोन-तीन आठवड्यांनी दाखला आला, त्यात कसलीही नोंद नव्हती. तो आता दुसऱ्या पाळीला जातो. गोळ्यांचा डोस निम्म्यावर आलाय, पण डॉक्टरांनी अजून बंद केलेल्या नाहीत आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची दिली आहे.